“सर, मुक्तिसंग्रामावर नोट टाका” : प्रश्नात न सांगितलेल्या अटी कशा ओळखायच्या

सप्टेंबर जवळ आला की अभ्यासिकेच्या ग्रुपवर हा निरोप ठरलेला असतो. “सर, मराठवाडा मुक्तिसंग्रामावर चांगली नोट टाका ना.” निरोप एवढाच. कोणी लिहिलंय ते दिसतं, कशासाठी ते दिसत नाही. कुणीतरी मोठ्या मनानं चार पानं टाइप करून टाकतं आणि मग उत्तरं येतात: “सर, एवढं नको होतं.” “सर, हे आमच्या पेपरला नसतं.” तिसरं सगळ्यात वाईट: “सर, पेपर काल झाला.”

लातूर, नांदेड, संभाजीनगर, कुठंही उत्तरं तपासणाऱ्या माणसाला विचारा, हीच तक्रार निघेल. मदत मागणारा आळशी नसतो आणि मदत करणाराही कमी पडलेला नसतो. मधली अट सांगायची राहिलेली असते: किती शब्दांत, किती गुणांना, कोणत्या परीक्षेत, कोणत्या माध्यमातून आणि कधीपर्यंत. या पाचांपैकी एक जरी बदलली तरी बरोबर उत्तर बदलतं. थोडंफार नाही, पार बदलतं. ते कसं, हे याच मुक्तिसंग्रामाच्या प्रश्नावर बघू.

अट गळते कुठं

आधी हे समजून घ्या की ही अट विचारणाऱ्यानं लपवलेली नसते. ती त्याच्या डोळ्यांसमोर असते, म्हणूनच ती सांगायची राहते. उदगीरकडची एखादी मुलगी संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेची तयारी करते. तिच्यासमोर सामान्य अध्ययनाची प्रश्नपत्रिका उघडी आहे. तिच्या दृष्टीनं प्रश्न म्हणजे ते सगळं पान. पण आपल्यापर्यंत पोचतो तो मोबाइलनं काढलेला मधला तुकडा. प्रश्नाचे गुण छापलेले असतात ओळीच्या उजव्या टोकाला आणि फोटो काढताना नेमकं तेच टोक कापलं जातं. शब्दमर्यादा प्रश्नाच्या शेपटीला किंवा पहिल्या पानावरच्या सूचनांमध्ये असते आणि सूचनांच्या पानाचा फोटो आजवर कुणी पाठवलेला नाही.

फोटो नसेल, प्रश्न हातानं टाइप केलेला असेल, तर नुकसान आणखी होतं. मूळ प्रश्न असतो, “हैदराबाद मुक्तिसंग्रामातील मराठवाड्याच्या योगदानाचे मूल्यमापन करा.” ग्रुपवर येतं, “मुक्तिसंग्रामात मराठवाड्याचं योगदान”. ‘मूल्यमापन करा’ हे दोन शब्द गेले आणि त्यांच्यासोबत अर्धा प्रश्न गेला. मूल्यमापन म्हटलं की लढ्याची ताकद सांगायची तशी मर्यादाही सांगायची असते. नुसतं ‘योगदान’ म्हटलं की माणूस गौरवगाथा लिहून मोकळा होतो. तपासणारा त्यात मर्यादांचा परिच्छेद शोधत बसतो आणि गुण कापतो.

म्हणून निदानाची पहिली खूण ही: आलेल्या प्रश्नात क्रियापद आहे का बघा. ‘स्पष्ट करा’, ‘चर्चा करा’, ‘चिकित्सक परीक्षण करा’ यांपैकी काहीच नसेल, नुसता विषय असेल, तर तो प्रश्न नाही. ते प्रश्नाचं नाव आहे. उत्तर लिहायला बसू नका, मूळ ओळ मागवा.

एक विषय, वेगवेगळी उत्तरं

आता समजा चौघांनी एकाच दिवशी “मुक्तिसंग्रामावर द्या” असं लिहिलं.

पहिला आहे सहावीतल्या मुलाचा बाप. १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन आहे, पोराला तीन मिनिटं भाषण करायचंय. पोरगं घाई न करता बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे फार तर पावणेचारशे शब्द आणि तेही पाठ होतील असे. इथं लहान वाक्यं लागतात, एखादा प्रसंग लागतो, स्वामी रामानंद तीर्थांचं नाव लागतं आणि शेवटी घोषणा लागते. जैसे थे कराराची तारीख इथं कामाची नाही. पोरगं तिथंच अडखळेल.

दुसरा राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेला बसलाय. त्याला निबंध नकोच. त्याला हवेत सुटे पण पक्के तपशील: स्टेट काँग्रेसवर बंदी १९३८ ची, जैसे थे करार २९ नोव्हेंबर १९४७ चा, लष्करी कारवाई १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची, तिचं नेतृत्व मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्याकडं. शिवाय गोंधळ होईल अशा जोड्या त्याला वेगळ्या करून द्याव्या लागतात. १९४६ मध्ये हुतात्मा झालेले बिलोली भागातले गोविंदराव पानसरे वेगळे आणि कोल्हापूरचे गोविंद पानसरे वेगळे. मराठवाड्यातल्या पोरांचीही इथं चूक होते, बाहेरच्यांचं तर सोडाच.

तिसरी मुलाखतीला चाललीये. अर्जात जिल्हा नांदेड लिहिलाय, म्हणून तिला हा विषय विचारला जाण्याची शक्यता मोठी. तिला लिहायचं काहीच नाही. अर्ध्या मिनिटात बोलता येईल असं एक मत हवं आणि त्यावर येणाऱ्या उलट प्रश्नाची तयारी हवी. उदाहरणार्थ, “मराठवाडा कोणत्या कराराच्या आधारावर महाराष्ट्रात आला आणि त्या करारातली आश्वासनं पाळली गेली का?” म्हणजे तिची तयारी १९४८ वर थांबत नाही. १९५३ चा नागपूर करार, १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात झालेला समावेश आणि राज्यघटनेचं कलम ३७१(२) इथपर्यंत ती जाते.

चौथी म्हणजे मघाची उदगीरकडची. तिला दहा गुणांना दीडशे शब्द लिहायचे आहेत. तिच्यासाठीचं उत्तर जरा जवळून बघू, कारण सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो.

दीडशे शब्दांत काय बसतं

संघ लोकसेवा आयोगाच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात तीन तासांत वीस प्रश्न असतात. पहिले दहा दहा-दहा गुणांचे, दीडशे शब्दांचे. पुढचे दहा पंधरा-पंधरा गुणांचे, अडीचशे शब्दांचे. एकूण २५० गुण. एकशे ऐंशी मिनिटं वाटून घेतली तर दहा गुणांच्या प्रश्नाला सात आणि पंधराच्या प्रश्नाला अकरा मिनिटं येतात. या सात मिनिटांत प्रश्न वाचणं आणि विचार करणंही आलं. उत्तरपुस्तिकेत जागाही ठरलेली असते: दहा गुणांना दोन पानं, पंधराला तीन. त्यामुळं तिला कुणी चार पानांची सुंदर नोट दिली तर तिच्या पदरात नवं काम पडलं. आता त्या चार पानांतून दीडशे शब्द तिनं वेचायचे.

मूल्यमापनाच्या प्रश्नाला दीडशेच्या आत बसणारं उत्तर साधारण असं दिसतं:

> मराठवाडा हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील मराठी भाषक प्रदेश होता. येथील लढा जागृती, संघटन आणि सशस्त्र प्रतिकार अशा तीन पायऱ्यांनी वाढला.
>
> जागृती : हिप्परगा आणि अंबाजोगाई येथील शाळांनी राष्ट्रीय विचारांची पिढी घडवली. १९३८ मध्ये औरंगाबादच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याच्या हक्कासाठी लढा दिला.
>
> संघटन : हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये स्थापनेपूर्वीच बंदी आली, तरी स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ आदींनी सत्याग्रह आणि लोकसंघटन चालू ठेवले.
>
> सशस्त्र प्रतिकार : १९४७ नंतर रझाकारांच्या अत्याचारांना तोंड देण्यासाठी संस्थानाच्या सरहद्दीवर छावण्या उभ्या राहिल्या. जानेवारी १९४८ मध्ये उमरी येथील बँकेवरील कारवाईतून लढ्याला पैसा मिळाला. दगडाबाई शेळके यांच्यासारख्या स्त्रियाही यात उतरल्या.
>
> मर्यादा : शस्त्रबळ अपुरे होते, संस्थानाचे विलीनीकरण अखेर १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या लष्करी कारवाईनेच झाले.
>
> तरीही या लढ्याने खेड्यापाड्यांत निजामी सत्तेचा धाक मोडला आणि कारवाईआधीच तिचा लोकाधार संपल्याचे दाखवून दिले. त्यामुळे विलीनीकरण ही केवळ लष्करी घटना न राहता लोकलढ्याची परिणती ठरली.

यात काय नाही ते बघा. निजामाचा इतिहास नाही, जैसे थे करार नाही, गोविंदराव पानसरे नाहीत, नागपूर करार तर नाहीच. यातलं काहीही चुकीचं किंवा कमी महत्त्वाचं नाही, जागा नाही एवढंच. हाच प्रश्न पंधरा गुणांना आला असता तर शंभर शब्द जास्त मिळाले असते. त्यात जैसे थे कराराच्या काळात रझाकारांचा जोर कसा वाढला आणि १९४६ पासूनच्या हौतात्म्यांनी लोकांचा राग कसा पेटवला, हे दोन मुद्दे घालता आले असते. मर्यादांचा परिच्छेदही एका ओळीवरून तीन ओळींवर गेला असता. नागपूर करार तरीही आला नसता, कारण प्रश्न मुक्तिसंग्रामाचा आहे, विकासाच्या अनुशेषाचा नाही.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ‘मूल्यमापन करा’ हे दोन शब्द आपल्यापर्यंत आलेच नसते, तर वरचं ‘मर्यादा’ असं नाव असलेलं वाक्य लिहिलंच गेलं नसतं. त्या जागी अजून दोन हुतात्म्यांची नावं गेली असती. उत्तर अभिमानानं भरलेलं आणि गुणांनी रिकामं.

शब्द मोजायचे कसे, हा उपप्रश्न कायम येतो. परीक्षेत एकेक शब्द मोजत कुणी बसत नाही. घरी एकदाच आपल्या अक्षरात सलग दहा ओळी लिहायच्या, शब्द मोजायचे आणि दहानं भागायचं. ओळीला आठ शब्द येत असतील तर दीडशे शब्द म्हणजे एकोणीस ओळी. बारीक अक्षराला ओळीत दहा बसले तर पंधरा ओळी. हा आकडा एकदा कळला की पुढं शब्दांचा नाही, ओळींचा अंदाज ठेवायचा. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात, म्हणून तेवढ्याच शब्दांत इंग्रजीपेक्षा जास्त मजकूर बसतो. इंग्रजी नोटचं भाषांतर करून लिहिणारी मुलं हे विसरतात आणि उगाच आखडतं लिहितात.

“तुक्का मारू का?”

अट न सांगण्याचं हे दुसरं नेहमीचं ठिकाण. परीक्षेच्या आदल्या रात्री निरोप येतो, “दादा, उत्तर येत नसेल तर तुक्का मारू का सोडून देऊ?” आणि ग्रुपवरचे दहा जण दहा सल्ले देतात. प्रत्येक जण आपापल्या परीक्षेपुरता बरोबर असतो, म्हणून भांडण मिटत नाही.

कोणती परीक्षा हे कळल्याशिवाय याला उत्तरच नाही. हिशेब साधा आहे. चार पर्यायांचे चार प्रश्न डोळे झाकून सोडवले तर सरासरी एक बरोबर येतो, तीन चुकतात. प्रश्न एका गुणाचा धरू. एमएचटी-सीईटीसारख्या परीक्षेत चुकीला गुण कापत नाहीत, म्हणजे हातात एक गुण उरला. राज्यसेवा पूर्व परीक्षेत एका चुकीला एक-चतुर्थांश गुण जातो: एकातून पाऊण गेला, पाव उरला. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला वजा एक, म्हणजे प्रमाण तेच. संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेत एक-तृतीयांश जातो: एकातून एक गेला, हातात शून्य.

चारपैकी दोन पर्याय खात्रीनं बाद करता आले तर चित्र पालटतं. दोन प्रश्नांत सरासरी एक बरोबर, एक चूक. एक-तृतीयांश कापणाऱ्या परीक्षेतही दोन प्रश्नांमागे दोन-तृतीयांश गुण हाती राहतो. म्हणून “तुक्का मारू का?” या प्रश्नात दोन अटी दडलेल्या असतात. कापणी किती आणि तुझे किती पर्याय बाद झालेत. पहिली परीक्षेची, दुसरी विचारणाऱ्याची. सल्ला देणाऱ्यानं दोन्ही विचारल्याशिवाय तोंड उघडू नये, असं माझं सरळ मत आहे. राज्यसेवेच्या डोळे झाकून मारलेल्या तुक्क्यात जो पाव गुण उरतो, तोही चार प्रश्नांमागचा आणि सरासरीचा आहे. प्रत्यक्षात चारही चुकून एक गुण गमावणारे कमी नसतात.

अट सांगितली, पण जुनी

कधी कधी विचारणारा सगळं सांगतो, तरी उत्तर फसतं. अशा वेळी त्यानं सांगितलेली अट मागच्या वर्षीची निघते. हे ओळखायला सगळ्यात अवघड, कारण निरोप पूर्ण दिसतो.

लातुरात नीटच्या सराव पेपरांचे गठ्ठे वर्षानुवर्षं हातोहात फिरतात. मोठ्या भावाचे धाकट्याला, शेजाऱ्याचे गावाकडच्या चुलतभावाला. २०२१ ते २०२४ या वर्षांत प्रत्येक विषयात पस्तीस सक्तीचे प्रश्न आणि पुढच्या पंधरांतून दहा निवडायचे, असा नमुना होता. २०२२ पासून २०२४ पर्यंत वेळ होती दोनशे मिनिटं. २०२५ ला पर्याय गेला, सगळे एकशे ऐंशी प्रश्न सक्तीचे झाले आणि वेळ एकशे ऐंशी मिनिटांवर आली. म्हणजे प्रश्नामागे ६६-६७ सेकंद होते ते ६० झाले. आता एखादा मुलगा विचारतो, “सर, भौतिकशास्त्राला पंचावन्न मिनिटं देतो, बरोबर आहे का?” आणि त्याच्या डोक्यात दोनशे मिनिटं असतात. एकशे ऐंशीत भौतिकशास्त्राला पंचावन्न गेली तर जीवशास्त्राचे नव्वद आणि रसायनशास्त्राचे पंचेचाळीस प्रश्न मिळून सव्वाशे मिनिटं उरतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पंधरांतले नको ते पाच सोडायची सवय त्याच्या हाताला लागलेली असते. ती मोडायला नुसतं वेळापत्रक पुरत नाही, नव्या नमुन्याचे सलग पेपर सोडवावे लागतात.

राज्यसेवा मुख्य परीक्षेचं याहून मोठं उदाहरण आहे. आधी सामान्य अध्ययनाचे चारही पेपर बहुपर्यायी होते, लेखी परीक्षा ८०० गुणांची आणि मुलाखत शंभराची. २०२५ पासून परीक्षा वर्णनात्मक झाली: लेखी १७५० आणि मुलाखत २७५. मराठी आणि इंग्रजीचे पेपर पात्रतेपुरते, निबंधाचा वेगळा पेपर, सामान्य अध्ययनाचे चार, वैकल्पिक विषयाचे दोन. तरीही “मुख्य परीक्षेसाठी चांगलं पुस्तक कोणतं?” या प्रश्नाला जुन्या यशस्वी उमेदवारांकडून आजही बहुपर्यायी काळातली यादी येते. ती पुस्तकं वाईट नाहीत. पण एकेका ओळीत माहिती कोंबलेल्या पुस्तकातून अडीचशे शब्दांचं सलग उत्तर लिहायला शिकता येत नाही.

यावर एकच इलाज सापडलाय. परीक्षेच्या नावाबरोबर वर्षही विचारायचं. “राज्यसेवा मुख्य” एवढं पुरेसं नाही, “राज्यसेवा मुख्य, कोणत्या वर्षाची जाहिरात?” असं विचारायचं. पुस्तक किंवा नोट सुचवणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारायचा: तुम्ही कोणत्या वर्षी बसला होता?

तारीख सांगायची राहिली की

शब्दमर्यादा राहिली तर उत्तर लांबतं. तारीख राहिली तर उत्तर निरुपयोगी होतं. परभणीकडच्या एका पोरानं विचारलं, “नॉन-क्रीमी लेअर काढायला काय काय कागद लागतात?” सेतू केंद्रात बसणाऱ्या ओळखीच्या माणसानं नीट यादी दिली. उत्पन्नाचे पुरावे, जातीचा दाखला, रहिवास, स्वयंघोषणापत्र. पोरगं कागद गोळा करायला लागलं. अर्जाची शेवटची तारीख त्याच आठवड्यात होती, हे कुणाला माहीत नव्हतं.

हाती तीन-चारच दिवस असतील तर पहिला प्रश्न कागदांचा नसतोच. पहिला प्रश्न असा: जाहिरातीत कोणत्या तारखेचं प्रमाणपत्र ग्राह्य धरलंय आणि घरात आधीचं, अजून मुदतीत असलेलं प्रमाणपत्र आहे का? असेल तर काम तिथंच मिटलं. नसेल तर जाहिरातीत प्रमाणपत्राची अट अर्ज भरण्याच्या दिवसाशी बांधलीये की नंतरच्या टप्प्याशी, ते ओळ न ओळ वाचायचं. कागद गोळा करणं हे त्यानंतरचं काम.

‘शेवटची तारीख’ हेही एकटं पुरत नाही. ऑनलाइन अर्जाची वेळ बहुधा रात्री ११:५९ पर्यंत असते, पण बँकेत चलनानं शुल्क भरायचं असेल तर ते बँकेच्या कामकाजाच्या वेळेत. त्यासाठीची तारीख जाहिरातीत वेगळी दिलेली असते. “उद्या शेवटचा दिवस आहे” असं कुणी म्हटलं की कशाचा शेवटचा दिवस आणि किती वाजेपर्यंत, हे दोन्ही विचारा.

अभ्यासातही तेच. मुक्तिसंग्रामाचा पेपर दोन महिन्यांनी असेल तर मी म्हणेन, विषयावरचं एक पुस्तक सलग वाच आणि तीन उत्तरं लिहून आण. पेपर सोमवारी असेल आणि आज शुक्रवार असेल तर नवं काहीच वाचू नको. वरच्या उत्तरातल्या तीन पायऱ्या पाठ कर, पाच तारखा पक्क्या कर आणि पहिलं वाक्य दोनदा लिहून बघ. दोन्ही सल्ले बरोबर आहेत, पण एकाचा दुसऱ्याला दिला तर नुकसान ठरलेलं.

माध्यमाची अट

ही थोडक्यात, पण हिचा फटका सगळ्यात मोठा. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत अर्जात जे माध्यम निवडलं आणि प्रवेशपत्रावर जे छापलं, त्याच माध्यमात उत्तर लिहावं लागतं. दुसऱ्या भाषेत लिहिलेल्या उत्तराला गुण मिळत नाहीत. तरी तपासायला येणाऱ्या वह्यांवर माध्यम लिहिलेलं नसतं आणि अर्ध्या उत्तरांत मुद्दे इंग्रजीत, स्पष्टीकरण मराठीत. मराठी माध्यमाच्या मुलानं एखादी संज्ञा इंग्रजीत लिहिणं वेगळं आणि अख्खा परिच्छेद इंग्रजीत लिहिणं वेगळं. माध्यम सांगितलेलं नसेल तर तपासणारा हा फरक दाखवूच शकत नाही.

निरोप कसा लिहायचा

आमच्याकडं ग्रुपच्या माथ्यावर एक नमुना चिकटवून ठेवलाय. उदगीरकडच्या त्या मुलीनं भरून पाठवलेला तो असा:

> परीक्षा व वर्ष : संघ लोकसेवा आयोग मुख्य, यंदाची
> पेपर : सामान्य अध्ययन १, मराठी माध्यम
> प्रश्न (जसाच्या तसा) : हैदराबाद मुक्तिसंग्रामातील मराठवाड्याच्या योगदानाचे मूल्यमापन करा.
> गुण / शब्द : १० / १५०
> कधीपर्यंत हवं : रविवारी संध्याकाळपर्यंत
> माझ्याकडं काय आहे : तारखा पाठ आहेत, मर्यादा काय लिहायच्या ते सुचत नाही

शेवटची ओळ लोक गाळतात आणि माझ्या मते तीच सगळ्यात उपयोगी आहे. तिच्यामुळं मदत करणाऱ्याला अख्खं उत्तर लिहावं लागत नाही, अडलेला एक परिच्छेद सोडवून दिला की काम होतं. वरच्या नमुन्याला मी उत्तर दिलं ते दोन ओळींचं होतं: शस्त्रबळ अपुरं होतं आणि विलीनीकरणाला शेवटी लष्कर लागलं. बाकीचं तिनंच लिहिलं.

मदत करणाऱ्यांसाठी एक सूचना. अटी नसलेला निरोप आला तर पाचही प्रश्न एकदम फेकू नका. खेड्यातून पहिल्यांदा ग्रुपवर आलेलं लेकरू तेवढ्यानं बुजतं आणि पुन्हा विचारतच नाही. “प्रश्नाचं पूर्ण पान पाठव बाळा, कडा कापू नको” एवढंच लिहा. पानावर गुण, शब्द, पेपरचं नाव आणि वर्ष आपोआप येतं. मग उरतात फक्त माध्यम आणि तारीख, ती वेगळी विचारा.

विचारणाऱ्यालाच अट माहीत नसेल, असंही होतं. “सर, शब्दमर्यादा दिलेलीच नाही.” अशा वेळी अंदाज बांधण्याआधी पहिल्या पानावरच्या सूचना वाचायला लावा. तिथंही नसेल तर उत्तरपुस्तिकेत त्या प्रश्नाला किती पानं सोडलीत ते बघायला सांगा. परीक्षा अजून व्हायची असेल तर आयोगाच्या संकेतस्थळावरची जाहिरात आणि तिच्यानंतर आलेलं शुद्धिपत्रक, दोन्ही उघडा. जाहिरात सगळे वाचतात. मुदतवाढ आणि बदललेल्या तारखा असतात त्या शुद्धिपत्रकात, आणि ते उघडणारा ग्रुपवर एखादाच सापडतो.